काउंटिंग सॉर्ट: यादी बरोबर लागते, पण एकाच गटातली नावं उलटी होतात

राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये डेटा स्ट्रक्चरची प्रॅक्टिकल घेताना हा एकच दोष दर वर्षी नव्या पोरांबरोबर नव्याने येतो. कोड चालतो, आउटपुट क्रमाने दिसतं आणि पोरगा म्हणतो, "सर, लागली की यादी!" मग एक साधा प्रश्न विचारला की गडबड उघडी पडते. हाच कोड नंतर कुणाच्या तरी खऱ्या कामात शिरतो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

उदाहरण कोल्हापूरचंच घेऊ. गावच्या जत्रेचं कुस्ती मैदान आहे. पैलवान येतील तशी नोंद होते आणि प्रत्येकाला पावती क्रमांक मिळतो. संध्याकाळी यादी वजनगटाप्रमाणे लावायची, पण एका गटात जो आधी नोंदवायला आला त्याचं नाव आधी आलं पाहिजे. काउंटिंग सॉर्ट प्रत्येक गटात किती नोंदी आहेत ते मोजतो आणि त्यावरून प्रत्येक नोंदीचं घर ठरवतो. वजनगट मोजकेच असतात, त्यामुळे तो इथं चपखल बसतो. यादी लागते, आणि एखाद्या तालमीचे वस्ताद टेबलापाशी येऊन विचारतात, "अहो, आमचा पोरगा सकाळी पहिला आला होता, मग त्याचं नाव गटात शेवटी कसं?"

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा, कारण खालच्या सगळ्या लक्षणांचं मूळ एकच नाही.

- गट बरोबर क्रमाने लागतात, पण प्रत्येक गटातली नावं नोंदणीच्या बरोबर उलट्या क्रमाने येतात.
- नुसते आकडे लावले तर सगळं ठीक दिसतं, पण तोच कोड एकेका अंकावर फेरी करून आकडे लावणाऱ्या रॅडिक्स सॉर्टमध्ये घातला की आकडेच चुकीचे लागतात.
- पहिल्याच फेरीत इंडेक्स हद्दीबाहेर गेल्याचा एरर येतो. किंवा कुणीतरी अ‍ॅरे एक घराने मोठा करून तो एरर गप्प केलेला असतो आणि यादीचं पहिलं घर रिकामं राहतं.
- मधली काही घरं रिकामी राहतात आणि काही नावं गायब होतात.
- सगळ्यात हलका गट यादीच्या शेवटी जाऊन बसतो आणि एरर मात्र काहीच नसतो. हे पायथनमध्ये हमखास होतं.

आता तपासण्या. पहिल्या दोन-तीन फुकटच्या आहेत. त्या टाळून थेट लूप खरडायला बसू नका.

१. प्रत्येक नोंदीला ओळख आहे का?

इथं बहुतेकांची फसगत होते. टेस्ट म्हणून `[2, 0, 3, 2, 0]` असे नुसते आकडे दिले, तर दोन `2` एकमेकांच्या जागी गेलेत की नाही हे कुणालाच कळणार नाही. दोघं दिसायला सारखेच. ज्या आकड्यावर यादी लावायची तो म्हणजे की, इथं गट. सॉर्ट स्टेबल आहे म्हणजे सारख्या की असलेल्या नोंदी मूळ क्रमातच राहतात, आणि हे तपासायचं तर त्या नोंदी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येक आकड्याला पावती क्रमांक चिकटवा. या लेखात पुढे हीच यादी वापरतोय. ५७, ६१, ६५ आणि ७० किलो या गटांना अनुक्रमे ०, १, २, ३ असे कोड दिलेत.

```python
nondi = [(1,2), (2,0), (3,3), (4,2),
         (5,0), (6,2), (7,1), (8,3)]
```

प्रत्येक जोडीत आधी पावती, मग गट. पायथनचा स्वतःचा `sorted` स्टेबल असतो, त्यामुळे ताडून बघायला तो पुरतो. `B` म्हणजे तुमच्या कोडने लावलेली यादी:

```python
assert B == sorted(nondi, key=lambda x: x[1])
```

`key` न देता नुसतं `sorted(nondi)` लिहू नका, ते पावतीप्रमाणे लावेल. आणि तुलना सी++ मध्ये करत असाल तर `std::sort` नको, `std::stable_sort` घ्या. पहिला स्टेबल असण्याची हमी नाही, त्यामुळे ज्या मापाने मोजताय तेच डगमगतं असायचं.

२. आत आलेली यादी तरी क्रमात आहे का?

स्टेबल सॉर्ट आत आलेला क्रम जपतो, नवा क्रम तयार करत नाही. नोंदी डेटाबेसमधून येत असतील आणि क्वेरीत `ORDER BY` नसेल, तर त्या पावतीच्या क्रमानेच येतील असं कुठंही लिहिलेलं नाही. आज तशा आल्या म्हणून उद्याही येतील असंही नाही. सॉर्टला हात लावण्याआधी आत आलेल्या पहिल्या दहा ओळी छापून बघा. पावत्या तिथंच विस्कटलेल्या असतील तर `ORDER BY pavati` लावा, बाकीचा लेख वाचायची गरज नाही.

३. प्रीफिक्स सम छापून बघा, आणि तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

प्रत्येक गटातली मोजणी ज्या अ‍ॅरेत ठेवतो तो `C`. मोजणी झाल्यावर आपल्या यादीत तो असा दिसतो: ५७ किलोत २, ६१ मध्ये १, ६५ मध्ये ३, ७० मध्ये २. बेरीज ८. म्हणजे कुणी सुटलेलं नाही.

आता या मोजणीची चढती बेरीज करायची. ती दोन तऱ्हांनी होते आणि सगळा घोळ इथंच सुरू होतो.

```text
मोजणी          2  1  3  2
स्वतःला धरून    2  3  6  8
स्वतःला सोडून   0  2  3  6
```

दुसऱ्या ओळीतला आकडा सांगतो, "या गटापर्यंत, या गटासकट, एकूण इतके पैलवान." ६५ किलोखाली ६ आहे, म्हणजे शून्यापासून मोजलं तर त्या गटाचं शेवटचं घर ५. थोडक्यात हा आकडा गटाच्या शेवटच्या घराच्या एक पाऊल पुढे उभा असतो. तिसऱ्या ओळीतला आकडा सांगतो, "या गटाच्या आधी इतके झाले." ६५ किलोखाली ३ आहे, म्हणजे त्या गटाचं पहिलंच घर ३. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. एक गटाचा शेवट दाखवते, दुसरी सुरुवात.

तुमच्या कोडमध्ये कोणती आहे हे पहिल्या आकड्यावरून ठरवू नका. सगळ्यात हलक्या गटात कुणीच आलं नसेल तर दोन्हीकडे पहिला आकडा शून्यच दिसतो. शेवटचा आकडा बघा. तो एकूण नोंदींइतका असेल तर स्वतःला धरून केलेली बेरीज, कमी असेल तर स्वतःला सोडून. आता शेवटच्या गटातही कुणी नसेल तर तिथंही दोन्ही सारखे दिसतात, म्हणून टेस्टच्या यादीत प्रत्येक गटात निदान एक तरी नोंद ठेवा.

तयार फंक्शन वापरणाऱ्यांसाठी: `numpy.cumsum`, `itertools.accumulate` आणि सी++ चं `std::partial_sum` ही तिन्ही स्वतःला धरून बेरीज देतात. `accumulate` ला `initial=0` दिलं की पुढे एक शून्य लागतं आणि यादी एका घराने वाढते. त्यातला शेवटचा आकडा काढून टाकला की उरते ती स्वतःला सोडून केलेली बेरीज. सी++१७ पासून `std::exclusive_scan` हे काम थेट करतं. पोरं एका ठिकाणाहून `cumsum` उचलतात, दुसऱ्या ठिकाणाहून लूप उचलतात, आणि दोघांची सोयरीक जुळत नाही.

४. बेरीज आणि दिशा यांची जोडी जुळते का?

दहापैकी आठ-नऊ वेळा दोष इथंच सापडतो, म्हणून इथं जरा थांबू.

आधी प्रश्न नीट मांडू. स्टेबल यादीत एखाद्या नोंदीचं घर कोणतं असायला हवं? त्याच्या गटाची सुरुवात, अधिक त्याच गटातले त्याच्या आधी नोंदवलेले पैलवान. एवढंच. पावती ४ घ्या. गट ६५ किलो, गटाची सुरुवात घर ३, त्याच्या आधी त्या गटात फक्त पावती १ आलीय. म्हणून तिचं घर ३ + १ = ४. कोड कसाही लिहा, प्रत्येक नोंदीसाठी हाच आकडा निघायला हवा.

आता स्वतःला धरून केलेली बेरीज घेऊन उजव्या टोकाकडून निघू. नेहमीचा कोड असा:

```python
for i in range(len(nondi)-1, -1, -1):
    g = nondi[i][1]
    C[g] -= 1
    B[C[g]] = nondi[i]
```

हाताने चालवून बघा, कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला `C` म्हणजे २, ३, ६, ८. पावती ८, गट ७० किलो: ८ चे ७ झाले, घर ७ मध्ये बसली. पावती ७, गट ६१: ३ चे २, घर २. पावती ६, गट ६५: ६ चे ५, घर ५. पावती ५, गट ५७: घर १. पावती ४: ५ चे ४, घर ४. पावती ३: घर ६. पावती २: घर ०. शेवटी पावती १: ४ चे ३, घर ३. यादी तयार:

```text
घर      0  1  2  3  4  5  6  7
पावती   2  5  7  1  4  6  3  8
```

५७ मध्ये २, ५. ६५ मध्ये १, ४, ६. ७० मध्ये ३, ८. सगळे नोंदणीच्या क्रमाने.

हे का जमलं ते बघा. कोणत्याही क्षणी `C[g]` मध्ये असतं काय? गटाची सुरुवात, अधिक त्या गटातले अजून न बसवलेले. आपण उजवीकडून येतोय, त्यामुळे न बसवलेले सगळे डावीकडे, म्हणजे आधी नोंदवलेले आहेत. हातातली नोंद त्या न बसवलेल्यांत सगळ्यात शेवटची. एक वजा केला की हातातली नोंद मोजणीतून निघाली आणि उरलं ते: गटाची सुरुवात, अधिक तिच्या आधीचे. वर जो आकडा हवा म्हटला होता तोच. `C` गटाच्या शेवटाकडून मागे सरकत येतो, म्हणून नोंदीही शेवटाकडूनच घ्याव्या लागतात. दोघांची चाल एकाच दिशेने असली पाहिजे.

तोच `C` ठेवून लूप फक्त डावीकडून फिरवला तर? पावती १ आधी हातात येते आणि तिला गटाचं शेवटचं घर, म्हणजे ५ मिळतं. मग पावती ४ ला घर ४, पावती ६ ला घर ३.

```text
घर      0  1  2  3  4  5  6  7
पावती   5  2  7  6  4  1  8  3
```

वस्तादांची तक्रार हीच. गट बरोबर, एरर नाही, रिकामं घर नाही, आणि प्रत्येक गट आतून उलटा. ६१ किलोत एकच पैलवान आहे, त्यामुळे तो गट निर्दोष दिसतो. टेस्टमध्ये प्रत्येक गटात एकेकच नोंद असेल तर हा दोष दिसणारच नाही.

उजवीकडून जाणं हा काही पवित्र नियम नाही, हे मात्र लक्षात घ्या. स्वतःला सोडून केलेली बेरीज असेल तर `C[g]` गटाच्या सुरुवातीला उभा असतो, मग डावीकडून जायचं, आधी ठेवायचं आणि नंतर एक वाढवायचा:

```python
for n in nondi:
    B[C[n[1]]] = n
    C[n[1]] += 1
```

हेही तितकंच स्टेबल आहे. मला स्वतःला हाच प्रकार जास्त आवडतो, कारण वाचताना सरळ वाचता येतो आणि पुढच्या तपासणीतले निम्मे दोष इथं येतच नाहीत. पण शिकवताना आणि परीक्षेत बहुतेक ठिकाणी उजव्या टोकाचाच प्रकार असतो, तेव्हा तो यायलाच हवा. या प्रकारात लूप उजवीकडून फिरवला तर पुन्हा गट आतून उलटे होतात.

चौथी वाट सगळ्यात फसवी. बेरीज स्वतःला सोडून, म्हणजे ०, २, ३, ६, आणि लूप मात्र उजवीकडून, आधी वजा करून. पावती ५ ची पाळी येते तेव्हा ५७ किलोचा `C` शून्याचा उणे एक होतो. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचं घर, त्यामुळे तो काही बोलत नाही आणि हलक्या गटातला पैलवान यादीच्या शेवटी जाऊन बसतो. पूर्ण चालवल्यावर हे मिळतं:

```text
घर      0  1  2  3  4  5  6  7
पावती   1  4  6  -  3  8  2  5
```

घर ३ रिकामं, आणि पावती ७ गायब, कारण तिच्या घरावर पावती ४ येऊन बसली. सी मध्ये हाच कोड अ‍ॅरेच्या आधीच्या मेमरीत लिहील. तिथं काय बिघडेल ते सांगता येत नाही. प्रोग्राम लगेच पडला तर नशीब समजा.

५. आधी वजा, मग ठेवणं. आणि लूप शून्यापर्यंत पोचतो का

जोडी बरोबर असूनही यादी बिघडत असेल तर लूपच्या आतल्या दोन ओळींचा क्रम बघा. पाठ्यपुस्तकांतल्या स्यूडोकोडमध्ये अ‍ॅरे अनेकदा १ पासून मोजतात. तिथं `C[g]` हेच गटाचं शेवटचं घर असतं, त्यामुळे आधी ठेवून मग वजा करणं बरोबर ठरतं. तेच जसंच्या तसं शून्यापासून मोजणाऱ्या भाषेत आणलं की पावती ८ घर ८ मागते, आणि आपल्याकडे घरं ० ते ७. एरर लगेच येतो, हे चांगलंच आहे. वाईट तेव्हा होतं, जेव्हा कुणीतरी `B` चं माप नऊ करून एरर घालवतो. मग सगळी यादी एक घर पुढे सरकते आणि पहिलं घर रिकामं राहतं. माप परत आठ करा आणि वजाबाकी वर घ्या.

वजाबाकी विसरलीच असेल आणि `B[C[g]-1]` लिहिलं असेल, तर एका गटातले सगळे एकाच घरावर लिहिले जातात आणि शेवटी लिहिलेला टिकतो. उजवीकडून येत असल्यामुळे प्रत्येक गटात सगळ्यात आधी नोंदवलेला तेवढा उरतो. आपल्या यादीत १, २, ३ आणि ७ एवढ्याच पावत्या दिसतील, बाकी घरं रिकामी. हे चित्र दिसलं की दुसरीकडे शोधू नका.

लूपचा शेवटही बघा. `range(n-1, 0, -1)` लिहिलं तर शून्याची नोंद, म्हणजे पावती १, कधी घेतलीच जात नाही. सी मध्ये याच्या उलट होतं. `size_t i` घेऊन `i >= 0` अशी अट लिहिली तर ती कधीच खोटी ठरत नाही, कारण `size_t` उणे होत नाही. शून्यातून एक वजा झाला की तो थेट प्रचंड मोठा आकडा होतो. असं लिहा:

```c
for (size_t i = n; i-- > 0; )
```

या सगळ्यांवर एक स्वस्त चाचणी आहे. उजवीकडचा लूप संपल्यावर `C` पुन्हा छापा. २, ३, ६, ८ पासून निघालेला `C` आता बरोबर ०, २, ३, ६ झाला पाहिजे, म्हणजे प्रत्येक गटाच्या सुरुवातीवर येऊन थांबला पाहिजे. पावती १ सुटली असेल तर ६५ किलोखाली ३ ऐवजी ४ राहील. वजाबाकी विसरली असेल तर काहीच हललेलं नसेल. पण ही चाचणी दिशा चुकल्याचं सांगत नाही. डावीकडून उलटा लावलेला `C` सुद्धा शेवटी ०, २, ३, ६ च होतो. त्यासाठी तपासणी १ ला पर्याय नाही.

६. सॉर्ट ठीक, पण भोवतालचा कोड क्रम मोडतोय

वजनदार गट आधी हवा म्हणून पुष्कळ जण लावलेली यादी शेवटी `B[::-1]` ने उलटी करतात. गट हवे तसे येतात, पण गटाच्या आतला क्रमही त्याबरोबर उलटतो. मग दोष काउंटिंग सॉर्टच्या माथी. यादी उलटी करू नका, सॉर्टची की उलटी करा. चार गट असतील तर `g` च्या जागी `3 - g` वापरा. बाकी कोड तसाच राहतो आणि ७० किलोत पावती ३ नंतरच ८ येते.

रॅडिक्स सॉर्टमध्ये हा दोष गटातल्या क्रमापुरता राहत नाही, उत्तरच चुकतं. ७४, ५७, ७९, ७०, ६१ हे आकडे घ्या. आधी एककाच्या अंकावर लावले: ७०, ६१, ७४, ५७, ७९. आता दशकाच्या अंकावर लावायचे. ७०, ७४, ७९ या तिघांचा दशक सारखाच ७, आणि त्यांचा आपसातला क्रम मागच्या फेरीने लावून ठेवलाय. सॉर्ट स्टेबल असेल तर तो टिकतो आणि ५७, ६१, ७०, ७४, ७९ येतात. दिशा चुकली असेल तर ५७, ६१, ७९, ७४, ७०. नुसत्या आकड्यांवर "पास" झालेला कोड इथं पहिल्यांदा पकडला जातो. १९५४ साली एमआयटीत हॅरल्ड सीवर्ड यांनी काउंटिंग सॉर्ट आणि रॅडिक्स सॉर्ट एकत्रच मांडले. या उदाहरणाकडे बघितलं की त्यांची जोडी का जमते ते कळतं.

रॅडिक्समध्ये आणखी एक बघायचं: प्रत्येक फेरीआधी `C` शून्य करून नव्याने मोजलाय का? मागच्या फेरीचा वापरलेला `C` तसाच राहिला तर पहिली फेरी बरोबर येते आणि दुसरीपासून इंडेक्स हद्दीबाहेर जातात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वरच्या सहा तपासण्या एका दुपारचं काम आहे. पण पुढच्या परिस्थितीत स्वतः खटपट करत बसू नका.

सॉर्टची की मोठी असेल तर. कुणीतरी पैलवानांच्या मोबाइल नंबरवर काउंटिंग सॉर्ट लावायला निघतो. दहा अंकी नंबरासाठी `C` ला एक हजार कोटी घरं लागतील, घराला चार बाइट धरले तरी ४० जीबी. नोंदी शंभर-दोनशे असताना याला काही अर्थ नाही. भाषेतला तयार स्टेबल सॉर्ट वापरा आणि विषय संपवा.

कुणी मेमरी वाचवायला `B` काढून टाकून त्याच अ‍ॅरेत अदलाबदल करत असेल तर. त्या पद्धतीत नोंदी गटात पोचतात पण आपसातला क्रम जपला जात नाही. लूपची दिशा बदलून ते दुरुस्त होत नाही. `B` परत आणा, नाहीतर पावती क्रमांकाचाही की मध्ये समावेश करा.

आणि प्रोग्राम दर वेळी वेगळी यादी देत असेल तर. तोच डेटा, तोच कोड, पण सकाळी पावती १ आधी आणि दुपारी पावती ४ आधी, म्हणजे बहुधा अनेक थ्रेड एकाच `C` मधून वजा करतायत. प्रत्येक वजाबाकी कुलूपबंद केली तरी फक्त दोन नोंदी एका घरात जाणार नाहीत एवढंच मिळतं. आधी कोणता थ्रेड पोचेल हे कुणाच्या हातात नसतं, म्हणून क्रम जातोच. यावरचा उपाय म्हणजे यादीचे सलग तुकडे करायचे, प्रत्येक थ्रेडला स्वतःची मोजणी द्यायची आणि प्रीफिक्स सम करताना गट आणि गटाच्या आत तुकडा या क्रमाने बेरीज करायची, म्हणजे प्रत्येक तुकड्याला प्रत्येक गटातली स्वतःची जागा आधीच ठरवून मिळते. ऐकायला सोपं आहे, पण यातली चूक शंभरातून एकदा दिसते आणि टेस्टमध्ये सापडत नाही. समांतर प्रोग्रामिंग रोज करणाऱ्या माणसाला कोड दाखवा. तोपर्यंत मैदानाची यादी एकाच थ्रेडवर लावा. तेवढ्या नोंदींना सेकंदाचा छोटासा भागही लागत नाही.